आवडलेल्या चित्राची धाटणी शब्दांत कशी लिहावी: देवघरातल्या लक्ष्मीवरून

"जुन्या देवांच्या चित्रासारखं करा" हे वाक्य चित्रकाराला कधीही लिहू नका. मी लिहिलं होतं. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ करायचं होतं, विषय होता एसटी स्टँडवर पुस्तक वाचत बसलेली मुलगी, आणि तिच्यावर मला आजीच्या देवघरातल्या लक्ष्मीच्या तसबिरीची कळा हवी होती. तसबिरीचा फोटोही सोबत पाठवला. आठ दिवसांनी चित्र आलं ते पिवळं, डागाळलेलं, कडांना करपल्यासारखं, मुलीच्या डोक्यामागे प्रभावळ असलेलं. चित्रकाराचं काहीच चुकलं नव्हतं. मी "जुनं" म्हटलं होतं आणि "देव" म्हटलं होतं, त्याने दोन्ही दिलं.

त्यानंतर मी दर वेळी चित्र चार भागांत फोडूनच लिहिते: प्रकाश, रंग, पोत आणि माध्यम. पहिले दोन सोपे आहेत. पोत आणि माध्यम एकमेकांत असे मिसळलेले असतात की तिथे बहुतेक जण फसतात, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहिणार आहे.

आधी विषय बाजूला काढा

लक्ष्मी, कमळ, हत्ती, मुकुट हे सगळं चित्रात काय आहे ते झालं. ते कसं दिसतं, ही धाटणी. लिहून झाल्यावर विषयाचा एकेक शब्द खोडा. मागे काहीच उरलं नाही, तर तुम्ही धाटणी लिहिलेलीच नाही. "सात्त्विक", "राजेशाही", "भारदस्त" हे शब्दही खोडा. त्यावरून कुणाला ब्रश कुठे टेकवायचा ते कळत नाही.

प्रकाश: नाकाची सावली बघा

चित्राचा फोटो फोनवर कृष्णधवल करा आणि नाकाखाली, हनुवटीखाली, दंडाच्या कडेला सावली कुठे पडली आहे ते बघा. माझ्या लक्ष्मीत ती नाकाच्या उजव्या अंगाला आणि हनुवटीखाली आहे, म्हणजे उजेड डावीकडून आणि वरून येतो. सावलीची कड धारदार नाही, गालावर हळूहळू विरते. असा उजेड मोठ्या खिडकीतून येतो, भर उन्हातून नाही. सर्वांत गडद सावलीही काळी नाही, त्यातून कातडीचा तपकिरी दिसतो.

या तसबिरीत आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते अर्धी गंमत तिथेच आहे. मागे संध्याकाळचं उजळ आभाळ आहे, पण त्या आभाळाचा उजेड देवीच्या केसांवर किंवा खांद्यावर अजिबात आलेला नाही. ती खोलीत उभी आहे आणि मागचा देखावा वेगळा आणून लावला आहे, असं वाटतं. आजचा सरावलेला चित्रकार केसांना मागून उजेडाची कड देऊन हे न विचारता "दुरुस्त" करील. म्हणून ते स्पष्ट लिहायचं: मागचा उजेड पुढच्या आकृतीवर नको.

रंग: पाच पुरेत, पण प्रमाणासकट

जाड कागदाला मोहरीएवढं भोक पाडा आणि त्यातून चित्राचा एकच ठिपका बघा. शेजारचे रंग डोळ्यांना फसवतात. मला कायम पांढरी वाटत आलेली कमळाची पाकळी भोकातून बघितली तेव्हा ती मळकट मोतिया निघाली. रंगांची नावं साडीच्या दुकानातली घ्या: डाळिंबी, अबोली, मोतिया, शेवाळी, चिंतामणी. "लाल" म्हटलं की दहा जण दहा लाल काढतात, "डाळिंबी" म्हटलं की फरक बराच कमी होतो. प्रत्येक रंगापुढे तो चित्राचा किती भाग व्यापतो ते लिहा. माझ्या तसबिरीत डाळिंबी जेमतेम एक अष्टमांश आहे, निम्म्याहून जास्त भाग राखाडी-निळा आणि शेवाळी. डाळिंबी उठून दिसतो तो त्यामुळेच.

पोत आणि माध्यम: ही खूण कुणाची?

इथे घाई करू नका. तसबीर काचेतून बाहेर काढा, फ्लॅश न लावता सावलीतल्या दिवसाच्या उजेडात ठेवा आणि छापखान्यात वापरतात तसं दहापट भिंग घेऊन बसा. काचेवरून काढलेल्या फोटोत खोलीचं प्रतिबिंब आणि ट्यूबलाइटचा रंगही येतो, आणि लोक तोही चित्राचा भाग म्हणून लिहून टाकतात.

मी वर्षानुवर्षं या चित्रांना तैलचित्राची धाटणी म्हणत होते. ते अर्धंच खरं आहे. मूळ चित्र तैलरंगात होतं, पण घराघरांत पोचलं ते छापील चित्र, ओलिओग्राफ. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत जर्मन यंत्रं आणून छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आज्यांच्या देवघरांतली चित्रं तिथली किंवा त्याच पद्धतीने छापणाऱ्या इतर छापखान्यांतली. पद्धत शिळाछापाची. सपाट चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, शिळा ओली करायची आणि शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट जागा शाई धरते, ओली जागा झिडकारते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा आणि सगळ्या शिळा एकाच कागदावर एकापाठोपाठ एक. शेवटी वर व्हार्निश, आणि पुष्कळदा कॅनव्हासचा भास व्हावा म्हणून कागदावर विणीचा दाब.

हे कळलं की भिंगाखाली दिसणारी प्रत्येक खूण कुणाची ते विचारता येतं. त्यांचे तीन मालक आहेत: चित्रकार, छापखाना आणि काळ.

चित्रकाराच्या खुणा म्हणजे पदराच्या चुण्या, गालाची गोलाई, दागिन्यांवरचे उजळ ठिपके. त्यांचा बराचसा हिशेब प्रकाशात आणि रंगात होऊन गेलेला असतो.

छापखान्याच्या खुणा सगळ्यांत महत्त्वाच्या, आणि त्याच मी पहिल्या वेळी पूर्ण विसरले होते. लक्ष्मीच्या गालावर भिंग धरलं तर तिथे सलग रंग नाही, हजारो बारीक ठिपके आहेत. गुलाबी, फिकट तपकिरी, मध्येच निळसर. ते रांगेत नाहीत, कारण शिळेवर माणसाने हाताने टाकलेले आहेत. जबड्याकडे दाट, गालाच्या उंचवट्यावर विरळ. हातभर अंतरावरून तेच ठिपके मऊ कातडी होतात. त्या चेहऱ्यांची ती पिठूळ, जरा मेणासारखी कांती येते ती इथून. हातावर एके ठिकाणी लाल शाई केसभर सरकली आहे, कारण ती शिळा नेमकी बसली नाही. आणि सगळ्यावर व्हार्निशची सारखी, जाड चकाकी आहे. खऱ्या तैलचित्रात रंग कुठे जाड, कुठे पातळ असतो. इथे पृष्ठभाग सगळीकडे सपाट आहे, विणीचा दाब तेवढा उमटतो, आणि तो चेहऱ्यावर नि आभाळावर सारखाच असतो.

भिंगाखाली ठिपके जर वहीच्या चौकटींसारखे ओळीत, लहान लहान फुलांच्या आकारात दिसले, तर तुमच्या हातात नंतरची ऑफसेट प्रत आहे. तिच्यावरून पोत लिहू नका. तो पोत त्या प्रतीचा झाला.

काळाच्या खुणा वेगळ्या काढून ठेवा: पिवळेपण, उदबत्तीचा धूर, वाळवीची भोकं, ओलीचे डाग, उडालेले रंग. यासाठी फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेली अर्ध्या बोटाची कड बघा. माझ्या तसबिरीत ती कड उघडली तेव्हा आभाळात अबोली रंगाचा एक पट्टा निघाला, जो बाहेर कुठेच उरलेला नव्हता. उजेडात बहुधा लाल आणि पिवळा आधी उडतात, निळा मागे राहतो. दुकानाच्या दारातली जुनी पोस्टरं निळी पडतात, तसंच. मी ज्याला "जुन्या चित्राचा उदास निळा" म्हणत होते, तो छापणाऱ्याने कधी दिलेलाच नव्हता. काळाची खूण हवी असेल तर जरूर मागा, पण एकेक नाव घेऊन मागा. "जुनं" या शब्दात त्या सगळ्याच्या सगळ्या येतात.

लिहिलेलं असं दिसतं

माझ्या मुखपृष्ठासाठी शेवटी हे गेलं:

"उजेड एकच, डावीकडून वरून, मोठ्या खिडकीतून आल्यासारखा. सावल्यांच्या कडा मऊ, सावली तपकिरी, काळी नाही. मागचं आभाळ उजळ, पण त्याचा उजेड मुलीच्या केसांवर किंवा खांद्यावर नको. निम्म्याहून जास्त चित्र राखाडी-निळं आणि शेवाळी, डाळिंबी फक्त ओढणीत, पांढऱ्याऐवजी मोतिया, आभाळाच्या तळाशी अबोलीचा पातळ पट्टा. माध्यम: तैलचित्रावरून केलेला शिळाछाप. कातडीवर हाताने टाकलेले बारीक बेशिस्त ठिपके, जबड्याकडे दाट, गालावर विरळ, हातभर अंतरावरून सलग दिसणारे. कपड्यांवर ठिपके कमी, सपाट रंग जास्त. एकदोन ठिकाणी लाल केसभर सरकलेला. पृष्ठभाग सपाट, ब्रशचे जाड फटकारे नकोत. पिवळेपण, डाग, फाटलेल्या कडा नकोत."

यापेक्षा लांब लिहू नका. "नकोत" मात्र ठेवाच. नेहमीच्या सवयीने चित्रकार काय करील ते ओळखून तेवढंच नाकारायचं.

पाठवण्याआधी हा मजकूर मूळ चित्र न पाहिलेल्या माणसाला वाचून दाखवा आणि त्याला काय दिसतं ते सांगायला लावा. माझ्या बहिणीने पहिल्या मसुद्यावर "फोटो आहे का गं?" असं विचारलं, कारण माध्यमाचं वाक्य मी शेवटी कुठेतरी ढकललं होतं.

सोबत पूर्ण चित्राचा फोटो पाठवू नका. चित्रकार त्यातली देवी उचलतो. तीन बारीक तुकडे कापून पाठवा: गाल, पदराची चुणी आणि आभाळाची कड. आणि पूर्ण चित्राआधी तळहाताएवढा नमुना मागा, फक्त गाल आणि ओढणीचा. माझ्या चित्रकाराने पहिल्या नमुन्यात टॅब्लेटवरच्या फवाऱ्याच्या ब्रशने ठिपके मारले होते. ते सगळीकडे सारखे पडले आणि गाल रव्यासारखा खरखरीत दिसायला लागला. मी त्याला फोन करून मजकुरातलं "जबड्याकडे दाट, गालावर विरळ" एवढंच पुन्हा वाचून दाखवलं. "म्हणजे ताई, फवारा नाही, एकेक टाकायचा," तो म्हणाला. नुसत्या चेहऱ्याला त्याचे दोन दिवस गेले, आणि एसटी स्टँडवरच्या त्या मुलीला देवघरातली कांती आली.