कार्टूनचा चेहरा वाचून एकट्याने आवाज कसा द्यायचा

अमेरिकेतल्या बहुतेक अ‍ॅनिमेशनपटात आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्रं त्यावर काढतात, बोलताना कलाकाराचा चेहरा पण शूट करून ठेवतात म्हणजे काढणाऱ्याला भुवया कशा हलल्या ते दिसतं. आपल्याकडे डबिंगला येतं तेव्हा सगळं उलटं असतं. चेहरा काढून तयार, भावना ठरलेली, आणि तुम्ही बूथमध्ये एकटे, समोर स्क्रीन, कानात मूळ भाषेतला पायलट, म्हणजे मूळ संवादांचा ट्रॅक. समोरचं पात्र कोण बोलणार ते बरेचदा माहीतही नसतं, कारण त्याचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी.

तर पहिलं काम म्हणजे स्क्रिप्ट बाजूला ठेवा. सीन आवाज बंद करून बघा, आणि तोंडाकडे नाही तर डोळे आणि भुवयांकडे बघा. स्वस्तातल्या सिरीजमध्ये तोंडाचे मोजकेच आकार फिरवून वापरलेले असतात, त्यातून फक्त कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं एवढंच कळतं, राग आहे की रडू येतंय हे भुवया सांगतात.

एक उदाहरण घेऊ. समजा अस्वलाचं पिल्लू आहे, मित्र गाव सोडून चाललाय, तो विचारतो, "तुला वाईट वाटतंय का?" आणि स्क्रिप्टमध्ये तुमची ओळ आहे, "मी ठीक आहे. खरंच."

आता चेहरा बघा. तोंडावर हसू आहे पण भुवयांची आतली टोकं वर गेलीयेत, म्हणजे तोंड खोटं बोलतंय आणि भुवया खरं. इथे नवीन माणूस हमखास पूर्ण रडका आवाज लावतो आणि मग स्क्रीनवरचं हसू वेड्यासारखं दिसतं. गाल खरंच वर उचलून बोला, हसण्याने आवाजाचा रंग बदलतो तो माइकला कळतो, आणि दुःख शब्दांवर न टाकता श्वासात ठेवा, "आहे" नंतर हवा थोडी संपल्यासारखी वाटू दे.

मग ओठ. चित्रात तोंड उघडं असताना ओळ सुरू होते आणि शेवटी ओठ मिटतात. "मी ठीक आहे" मध्ये ओठ मिटणारा म सुरुवातीलाच येतो, त्यामुळे ते चुकीचं दिसणारच. डायरेक्टरला विचारून "ठीक आहे मी" करा, म शेवटाकडे गेला आणि ओठांशी जुळला. प, फ, ब, भ, म एवढी अक्षरं क्लोजअपमध्ये सांभाळली तरी बरंच काम होतं, लाँग शॉटमध्ये कोणी बघत नाही.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. तोंड उघडायच्या आधी पिल्लाचे खांदे वर जातात, साधारण 8 फ्रेम, म्हणजे 24 फ्रेमच्या सेकंदाला एक तृतीयांश सेकंद. तो श्वास तुम्हाला घ्यायचाय आणि ऐकू येईल असा घ्यायचाय. क्यूवर, म्हणजे ओळ सुरू करायच्या खुणेवर, थेट शब्दाने सुरुवात केली तर चेहऱ्याचं आणि आवाजाचं नातंच तुटतं, लिपसिंक अगदी परफेक्ट असला तरी. आणि डबिंगला येणाऱ्या म्युझिक-इफेक्टच्या ट्रॅकमध्ये पात्राचे श्वास, हुंदके, उडी मारतानाचं "हं" हे बहुतेक वेळा नसतंच, ते मूळ कलाकाराच्या आवाजासोबत निघून गेलेलं असतं. म्हणून ओळी संपल्या की तसल्या जागांचा एक वेगळा राउंड करा.

एकट्याचं खरं दुखणं म्हणजे उत्तर देण्यासारखं वाटत नाही, वाचल्यासारखं वाटतं. इंजिनिअरला सांगा की समोरच्याची आधीची ओळ पण वाजव, मूळ भाषेतली असली तरी चालेल, थेट माझ्या क्यूपासून नको. ती ओळ ऐकताना तुमच्या पात्राचा चेहरा बघत राहा, कारण चांगल्या अ‍ॅनिमेशनमध्ये डोळे आधी बदलतात आणि तोंड नंतर, आपल्या भावनेची सुरुवात त्या डोळ्यांवर हवी. मित्र शेजारी उभा आहे की नदीपलीकडे हेही बघून घ्या. पलीकडे असेल तर तोंड माइकपासून एक वीतभर ठेवूनच आवाज लांब फेका, माइकपासून मागे सरकलात तर खोलीचा आवाज येतो आणि टेक बाद होतो. किंचाळण्याच्या ओळी सेशनच्या शेवटी मागून घ्या, आधी घेतल्या तर "खरंच" सारखा हळवा शब्द नंतर खरखरीत निघतो.

टेक झाला की आधी चित्राशिवाय ऐकायला मागा. नुसत्या आवाजात पिल्लू हसतंय आणि लपवतंय दोन्ही कळलं पाहिजे. मग चित्रासोबत बघा आणि "ठीक आहे मी" नंतर नजर खाली जाते तिथे थांबा, "खरंच" ती नजर खाली गेल्यावरच यायला हवं. आधी आलं असेल तर तेवढाच शब्द परत घ्या, अख्खी ओळ नको.