५४ रुपयांसाठी अडलेली तेरीज

नुकतंच बी.कॉम. करून अकाउंट्सच्या कामाला लागलेल्यांसाठी लिहितोय. कॉलेजात ट्रायल बॅलन्स, म्हणजेच तेरीज, शिकवतात तेव्हा ती शेवटी जुळतेच, कारण गणितच तसं दिलेलं असतं. कामावर ती जुळत नाही, आणि बहुतेक वेळा फरक इतका छोटा असतो की आजूबाजूचे सगळे म्हणतात सोडून दे. तो छोटा फरक कसा शोधायचा हे मी एका ताईंकडून शिकलो, त्या एका दुकानाच्या अकाउंटंट होत्या, मी त्यांच्या हाताखाली होतो.

दुकान सांगली भागातलं, शेतीपंप आणि पाईप फिटिंगचं. तिथे वर्षानुवर्षं दिवाणजी हाताने वह्या लिहायचे, रोजकीर्द, खतावणी, आणि वर्षाखेर तेरीज. दिवाणजी वयामुळे थांबले आणि शेठनी ठरवलं की १ एप्रिलपासून सगळं टॅलीवर. म्हणजे काम एवढंच, की दिवाणजींच्या ३१ मार्चच्या तेरजेतल्या बाक्या उचलायच्या आणि टॅलीत ओपनिंग बॅलन्स म्हणून टाकायच्या. वहीतली तेरीज पैशापर्यंत जुळलेली होती.

इथे नवीन लोकांना एक गोष्ट सांगतो. टॅलीत रोजची व्हाउचर एंट्री नावे आणि जमा सारखी झाल्याशिवाय सेव्हच होत नाही, त्यामुळे व्हाउचरमुळे ट्रायल बॅलन्स बिघडत नाही. पण ओपनिंग बॅलन्स आपण एकेका खात्यात सुटा टाकतो, तिथे समोरची बाजू कोणी तपासत नाही. म्हणून सगळं टाकून झाल्यावर ट्रायल बॅलन्स उघडली की खाली एक ओळ येऊ शकते, Difference in opening balances. आमच्याकडे ती आली. रक्कम ५४ रुपये, जमा बाजूला दाखवलेली, म्हणजे आमची नावे बाजू ५४ ने जास्त होती.

शेठ म्हणाले, "ताई, चौपन्न रुपयांसाठी एवढं काय, मी खिशातून देतो, चहापाण्यात टाका." ताई म्हणाल्या, "शेठ, पैसे कमी नाहीयेत, कुठलं तरी खातं चुकीचं बसलंय. कुणाचं ते कळेपर्यंत मी सस्पेन्सला टाकणार नाही."

आता शोध कसा चालला ते सांगतो. आधी त्यांनी दोन मोठी ठिकाणं बघितली. एक म्हणजे स्टॉक, कारण टॅलीत अकाउंट्स आणि इन्व्हेंटरी जोडलेली असेल तर ओपनिंग स्टॉकची रक्कम आयटमच्या यादीतून येते, आणि नग गुणिले भाव करताना थोडा जरी फरक पडला तरी तो थेट तेरजेत दिसतो. आमचा स्टॉक वहीशी जुळत होता. दुसरं, खर्चाच्या खात्यांना कोणी ओपनिंग टाकलंय का. भाडं, हमाली, टपालखर्च ही खाती ३१ मार्चला नफा-तोट्यात जाऊन बंद होतात, त्यांची बाकी पुढे ओढायची नसते, नवीन लोक कधीकधी टाकतात. तिथेही काही नव्हतं.

मग ५४ या आकड्याकडे वळल्या. पहिला प्रश्न, ५४ चे अर्धे किती, २७. अर्धे का, तर एखादी बाकी चुकून उलट्या बाजूला बसली तर एका बाजूला ती वाढते आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच कमी पडते, म्हणजे फरक दुप्पट दिसतो. पूर्ण यादीत २७ रुपयांचं खातं नव्हतं. दुसरा प्रश्न, ५४ ला ९ ने भाग जातो का. जातो, ६ वेळा. नऊचं कारण साधं आहे, ८२ चे २८ झाले की आठ दशकातून एककात आला आणि दोन एककातून दशकात गेला, दोन अंकांतल्या प्रत्येक एका फरकामागे १० ऐवजी १ धरला जातो, म्हणून ९. फरक ५४ असेल तर शेवटच्या दोन अंकांमध्ये ६ चं अंतर असायला हवं, १७-७१, २८-८२, ३९-९३ असं. आमच्याकडे एकजण वही वाचायचा आणि दुसरा टाइप करायचा, त्यात पस्तीस ऐकून बोटं आधी पाच मारतात आणि मग तीन, त्यामुळे ही शक्यता मला अगदी पक्की वाटत होती. तसे शेवट असलेली प्रत्येक बाकी आम्ही वहीशी लावून पाहिली, सगळ्या बरोबर.

बरेच जण इथे हरतात, कारण दोन्ही युक्त्या संपल्या आणि आकडा सापडला नाही. पण या युक्त्या चूक एकच असेल तेव्हाच चालतात. दोन चुका असतील तर ५४ हा आकडा त्या दोघींची बेरीज किंवा वजाबाकी असतो आणि त्यातून एकीचाही माग लागत नाही. ताई म्हणाल्या, आता ५४ विसरा, यादीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा जुळवा.

म्हणजे काय केलं, तर वहीच्या तेरजेतून गटवार बेरजा काढल्या, गिऱ्हाइकांची येणी एक गट, व्यापाऱ्यांची देणी एक, बँक आणि रोकड एक, मालमत्ता एक, भांडवल आणि कर्ज एक. टॅलीतही तेच गट असतात, त्यांच्या बेरजा समोरासमोर मांडल्या. बाकी सगळे गट जुळले आणि दोन नाही जुळले. गिऱ्हाइकांची निव्वळ येणी वहीत ३,८४,६१२ होती आणि टॅलीत ३,८४,८४६, म्हणजे २३४ जास्त. व्यापाऱ्यांची देणी वहीत २,७१,९४० आणि टॅलीत २,७२,१२०, म्हणजे १८० जास्त. येणी नावे बाजूला आणि देणी जमा बाजूला, २३४ मधून १८० गेले की उरले ५४. इतका वेळ आम्ही जो आकडा शोधत होतो तो कुठल्याच खात्यात असणार नव्हता.

आता आधी देणी. फरक १८०, अर्धे ९०, पण ९० ची बाकी कुठेच नाही. ९ ने भागलं तर २०. दशक आणि शतक यांची अदलाबदल झाली तर प्रत्येक एका अंतरामागे ९० चा फरक पडतो, म्हणजे १८० साठी या दोन अंकांत २ चं अंतर हवं. आणि टॅलीचा आकडा जास्त आहे, म्हणून टॅलीत शतकाचा अंक दशकापेक्षा मोठा असणार, उलटा नाही. ही दिशा धरली की यादी फार छोटी होते, आमच्या हातात तीन-चारच नावं उरली. त्यात एका पाईपवाल्या व्यापाऱ्याची बाकी टॅलीत ४६,५३०, आणि वहीत दिवाणजींच्या अक्षरात ४६,३५०. सापडली.

ती दुरुस्त केली आणि ट्रायल बॅलन्स पुन्हा उघडली, तर खालचा फरक ५४ चा २३४ झाला! शेजारी बसलेला मुलगा घाबरला, म्हणाला आधीचाच आकडा परत टाकू या, निदान कमी तरी होता. ताईंनी त्याला थांबवलं आणि कागदावरचे गिऱ्हाइकांच्या गटातले २३४ दाखवले. दुरुस्ती वहीच्या पुराव्यावर केलेली असेल तर फरक वाढला म्हणून ती मागे घ्यायची नाही. वाढला याचा अर्थ दुसरी चूक आता पूर्ण उघडी पडली, आधी तिला ही चूक झाकत होती.

२३४ चे अर्धे ११७. गिऱ्हाइकांच्या यादीत ११७ चं एकच खातं होतं, एका शेतकरी गिऱ्हाइकाचं. त्याने बिल पूर्ण भरलं होतं आणि नंतर मार्चअखेरीला दोन-तीन बेंड परत दिले होते, त्याची क्रेडिट नोट ११७ रुपयांची, म्हणजे दुकानच त्याचं ११७ देणं लागत होतं. वहीत बाकी जमेला होती. टॅलीत Sundry Debtors गटात खातं उघडलं की ओपनिंगला आपोआप Dr येतं, रक्कम टाकून एंटर मारत पुढे गेलं की ते तसंच राहतं, Cr स्वतः बदलावं लागतं. व्यापाऱ्यांच्या गटात याच्या उलट, तिथे Cr आपोआप येतं, म्हणून ज्या व्यापाऱ्याला आपण आगाऊ पैसे दिलेत त्याची बाकी तिथे उलटी बसते. हे बदललं आणि खालची ओळ गेली.

आता विचार करा, ते ५४ सस्पेन्सला टाकले असते तर काय झालं असतं. पाईपवाल्याला पेमेंट करताना १८० जास्त गेले असते, आणि ज्या शेतकऱ्याला आपण ११७ द्यायचे त्याच्याकडेच वसुलीची यादी घेऊन ११७ मागायला माणूस गेला असता. शेठना हे सांगितलं तेव्हा ते चहापाण्याचं परत बोलले नाहीत, कारण गिऱ्हाईक गावातलं होतं आणि अशी मागणी झाली असती तर आख्ख्या गावात बोभाटा झाला असता.

ताईंची टिक करायची पद्धत मी अजून वापरतो. प्रिंट काढायची, वही समोर ठेवायची आणि प्रत्येक ओळीवर दोन टिका करायच्या, एक रकमेला आणि एक बाजूला. बहुतेक लोक फक्त रक्कम बघून टिक करतात, तसं केलं असतं तर ११७ च्या ओळीवर आरामात टिक झाली असती, कारण रक्कम बरोबरच होती. दुसरं म्हणजे टाइप केलेल्या माणसाने स्वतः टिका करायच्या नाहीत, दुसऱ्याने करायच्या, डोळ्याला आपलाच आकडा परत तसाच दिसतो.

फरक शून्य झाल्यावर ताई थांबल्या नाहीत, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. तेरीज जुळली म्हणजे फक्त दोन बाजू सारख्या आहेत, खाती बरोबर आहेत असं नाही. एकाच आडनावाच्या दोन गिऱ्हाइकांच्या बाक्या एकमेकांत गेल्या तर गटाची बेरीजसुद्धा जुळते. एखादं बिल कीर्दीतच चढलं नसेल तर दोन्ही बाजूंना ते नाही, तेरीज गप्प बसते. पंपाची दुरुस्ती मशिनरीत टाकली तरी तेच. म्हणून त्यांनी मोठ्या बाक्या असलेल्या गिऱ्हाइकांना आणि व्यापाऱ्यांना ३१ मार्चच्या बाकीची पत्रं पाठवली, तुमच्या वहीत काय दिसतंय ते सही करून कळवा म्हणून. दोघांची उत्तरं वेगळी आली, एकाचा चेक रस्त्यात होता आणि एकाचं बिल खरंच आमच्याकडे चढायचं राहिलं होतं, साडेतीन हजारांचं. ते दिवाणजींच्या जुळलेल्या तेरजेतच नव्हतं. ताईंनी ते बिल मागवून घेतलं, मागच्या वर्षाची खरेदी म्हणून सीएंना कळवलं आणि मगच एप्रिलची पहिली एंट्री करायला मला बसवलं.