भाडेकरूला जिन्यातलं सामान हलवायला कसं सांगावं

सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन साधारण असा येतो: "तुमच्या भाडेकरूंनी जिन्यात चपलांचा स्टँड, सायकल आणि कुंड्या मांडल्यात. त्यांना जरा सांगा." घरमालक बहुतेक वेळा शहराच्या दुसऱ्या टोकाला नाहीतर दुसऱ्या गावात राहतो. तो लगेच व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकतो, "जिन्यातलं सामान काढा, तक्रार आली आहे." मग सामान दोन दिवस आत जातं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर येतं, किंवा "समोरच्यांचंही आहेच की" असं उत्तर येतं आणि बोलणं बिघडतं. सामान बाहेर का ठेवावं लागलं हे कुणी विचारलेलंच नसतं, म्हणून असं होतं.

पुढचं सगळं समजायला एक उदाहरण धरू. पुण्यातली लिफ्ट नसलेली चार मजली सोसायटी, एका मजल्यावर दोन घरं. दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके तुम्ही लीव्ह अँड लायसन्सवर दिला आहे. नवरा-बायको आणि शाळेत जाणारा मुलगा असं कुटुंब. वर सांगितलेलं तिन्ही सामान दाराबाहेर आहे.

आधी जाऊन पाहा आणि टेप लावा

फोटोवर विसंबू नका. जिन्याचं लँडिंग भिंतीपासून कठड्यापर्यंत मोजा. समजा ते १२० सेंटिमीटर भरलं. चपलांचा साधा स्टँड ३० सेंटिमीटर खोल असतो, म्हणजे उरले ९०. सायकल भिंतीला टेकवली तरी हँडल साधारण ६० सेंटिमीटर पुढे येतं, म्हणजे तिच्याजवळ चालायला ६०च उरले. एकटा माणूस तेवढ्यातून जातो, म्हणून रोज कुणाला काही वाटत नाही. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत आजारी माणसाला खुर्चीत बसवून उतरवतात. एक जण पुढून आणि एक मागून खुर्ची धरतो आणि लँडिंगवर ती पूर्ण फिरवावी लागते. ६० सेंटिमीटरमध्ये ती फिरत नाही. वरच्या मजल्यांवर कुणी वयस्कर राहत असतील तर एवढं एकच कारण भाडेकरूला पटायला पुरतं.

दुसरं कारण आगीचं. जुन्या इमारतींत विजेचे मीटर जिन्याखालीच असतात. तिथे शॉर्टसर्किट झालं तर धूर जिन्यातून वर चढतो, आणि बाहेर पडायचा रस्ता तेवढा एकच असतो. बुटांचे रबरी तळवे आणि आतला फोम पेटला की दाट काळा धूर होतो. सायकल बॅटरीची असेल तर ती जिन्यात ठेवणं आणि तिथेच चार्जिंगला लावणं आजपासूनच बंद करायला सांगा. त्याला मुदत देऊ नका.

कुंड्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्या वाट कमी अडवतात, पण पाणी झिरपून पायरीवर शेवाळ धरतं आणि पाय घसरतो. खालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंगीच्या डासाची अंडी आठवडा-दहा दिवसांत पूर्ण डास होतात. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली कुंडी खाली पडू शकते ते वेगळंच.

आल्यासारखं आपल्या मजल्याबरोबर वरचे आणि खालचे मजलेही पाहून घ्या. तिथेही स्टँड असतील तर भाडेकरू ते बोलून दाखवणारच, आणि ते खरंच असेल.

नियम काय आहे, आणि दंड कुणाला

जिना ही सोसायटीची सामाईक जागा. घर भाड्याने देताना तुम्ही भाडेकरूला त्यातून येण्याजाण्याची मुभा देता. सामान ठेवण्याची मुभा तुम्हालाच नसते, तर ती त्याला कुठून देणार? महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सामाईक जागा अडवणाऱ्या सभासदाला, ती अडवली तेवढे महिने, मासिक देखभाल शुल्काच्या पाचपट रक्कम भरण्याची तरतूद आहे. मेंटेनन्स १,५०० रुपये असेल तर महिन्याला ७,५०० होतात. भाडेकरू सभासद नसल्यामुळे ते बिल तुमच्या नावावर येतं. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत ते मात्र कार्यालयातल्या प्रतीत पाहून घ्या, ऐकीव आकड्यावर बोलू नका. आगीच्या बाबतीत महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. त्यात जबाबदारी मालक आणि प्रत्यक्ष राहणारा अशा दोघांवरही येते.

हे स्वतःला माहीत असावं, पण पहिल्या बोलण्यात वापरू नये. कलमं ऐकली की माणूस समोरच्याला विरोधक समजायला लागतो.

सामान जाणार कुठे, हे आधी ठरवा

माझ्या मते सगळ्या प्रकरणात हाच भाग महत्त्वाचा आहे, आणि तोच वगळला जातो. घरात जागा नसते आणि भिंतीला खिळा ठोकायला मालकाने मनाई केलेली असते. डिपॉझिट कापलं जाईल या भीतीने भाडेकरू एक साधी खुंटीही लावत नाही आणि सामान दाराबाहेर सरकत जातं. तसं असेल तर सुरुवात तुमच्याकडून व्हायला हवी.

चपला बाहेर ठेवण्यामागे आपल्याकडे स्वच्छतेची सवय आहे. बाहेरचं पायताण घरात नको, हे बरोबरच आहे. त्यासाठी दाराच्या आत, उंबऱ्यालगत, भिंतीला लावायचं पुढे कलणाऱ्या खणांचं कपाट मिळतं. ते जेमतेम १७ ते २० सेंटिमीटर खोल असतं आणि दार उघडायला आड येत नाही. दार किती उघडतं ते मोजून मगच घ्या. पावसाळ्यात ओल्या चपलांसाठी त्याखाली प्लॅस्टिकचा ट्रे पुरतो. कपाट तुम्ही बसवून दिलंत तर ते घराबरोबर राहतं आणि पुढच्या भाडेकरूलाही उपयोगी पडतं. पाहुणे आले आणि तासाभरासाठी चार जोड बाहेर राहिले, तर त्यावरून बोलू नका. काढून ठेवणं वेगळं आणि साठवणं वेगळं, एवढा फरक मालकानेही मानावा.

सायकलसाठी सेक्रेटरींना भेटून पार्किंगमध्ये भिंतीकडेची जागा मागा. हे काम तुमचंच, कारण सभासद तुम्ही आहात. भाडेकरूने विचारलं तर बहुतेक ठिकाणी "मालकांना सांगा" असंच उत्तर मिळतं. जागा मिळाली की ती कोणती ते चिठ्ठीवर किंवा मेसेजमध्ये लिहून घ्या. पार्किंगमधून सायकल चोरीला जाईल ही भाडेकरूची भीती खरी असते, म्हणून साखळी बांधता येईल असा लोखंडी बार किंवा खांब जवळ आहे का तेही बघा. नसेल तर बाल्कनीच्या भिंतीला पुढचं चाक अडकवायचा हूक लावून सायकल उभी टांगता येते. हूक भरीव भिंतीतच बसवावा लागतो. पोकळ ब्लॉकमध्ये साधा प्लग काही दिवसांत सैल होतो आणि भोकाभोवतीचा गिलावा भुसभुशीत झालेला दिसतो.

कुंड्या बाल्कनीच्या आतल्या बाजूला जातील. ज्या मावणार नाहीत त्यांच्यासाठी सोसायटीच्या बागेत जागा विचारा. झाडं माणसांनी वाढवलेली असतात, त्यामुळे "टाकून द्या" हे शब्द तोंडातून काढू नका.

बोला, आणि मग लिहा

पहिलं बोलणं समोरासमोर, नाहीतर फोनवर. सोसायटीच्या ग्रुपवर तर अजिबात नको. तिथे सगळ्यांसमोर सांगितलं की चूक मान्य करायला जागाच राहत नाही. सुरुवात प्रश्नाने करा: "सायकल खाली ठेवायला काही अडचण येते का?" उत्तर पूर्ण ऐका. एखादी गोष्ट तुम्हाला माहीतच नसेल, उदाहरणार्थ पार्किंगमध्ये पाणी गळतं. मग जिन्याचं माप आणि खुर्चीची गोष्ट सांगा, आणि तुम्ही काय करून देणार आहात ते सांगा.

"समोरच्यांचं का चालतं?" याला उत्तर एकच: "त्यांना सांगण्याचा अधिकार मला नाही, सोसायटीला आहे. मी सेक्रेटरींना सगळ्या मजल्यांसाठी सूचना लावायला लेखी सांगतोय." आणि ते पत्र खरोखर द्या. फक्त भाडेकरूंच्याच दारात नियम आठवणाऱ्या सोसायट्या आहेत, तिथे आपल्या भाडेकरूच्या बाजूने उभं राहणं हे मालकाचं काम आहे.

त्याच संध्याकाळी ठरलेलं लिहून पाठवा:

"नमस्कार दादा. आज बोलल्याप्रमाणे: चपलांचं कपाट मी शनिवारी सुताराला पाठवून दाराच्या आत बसवून देतो, खर्च माझा. सायकलसाठी सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये पंपाशेजारची जागा दिली आहे. कुंड्या बाल्कनीत घ्याव्यात. दोन मोठ्या बागेत ठेवायला परवानगी मिळाली आहे. पुढच्या रविवारपर्यंत जिना मोकळा करावा ही विनंती. हूक किंवा कपाटासाठी पाडलेल्या भोकांचे पैसे डिपॉझिटमधून कापणार नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. सगळ्या मेसेजमध्ये भाडेकरूला सर्वांत जास्त दिलासा तेच देतं. मुदत आठ-दहा दिवसांची ठेवा, कारण सामान रविवारीच हलतं.

मुदत उलटली तर

एकदा आठवण करा. त्यानंतर तारीख, आधीचा मेसेज आणि करारातली अट लिहून नोटीस द्या, आणि सोसायटीकडून दंडाचं पत्र आलं असेल तर त्याची प्रत जोडा. दंड भाडेकरूकडून वसूल करायचा असेल तर तशी अट करारात हवी. नसेल तर डिपॉझिटला परस्पर हात लावू नका. सामान स्वतः उचलून फेकू नका आणि रखवालदारालाही तसं सांगू नका. पाणी किंवा वीज तोडण्याची धमकी देऊ नका: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा तोडायला घरमालकाला मनाई आहे. तरीही ऐकलं नाही तर कराराचं नूतनीकरण न करणं किंवा करारातली नोटिशीची मुदत देऊन तो संपवणं, एवढाच मार्ग राहतो. त्याआधी वकिलाला करार दाखवा.

पुढचा अकरा महिन्यांचा करार करताना जादा अटींमध्ये हे घाला: "जिना, लँडिंग व पॅसेजमध्ये पादत्राणे, सायकल, कुंड्या किंवा इतर कोणतेही सामान ठेवता येणार नाही. चपलांच्या कपाटासाठी दाराच्या आतली भिंत व सायकलसाठी पार्किंगमधील नेमून दिलेली जागा वापरावी. या अटीच्या भंगामुळे संस्थेने आकारलेला दंड भाडेकरू भरेल." नोंदणीआधी मसुदा वाचून दाखवा आणि त्याच वेळी घरात नेऊन ती भिंत आणि खाली नेऊन ती जागा दाखवा.