गोधडीवरचे कुत्र्याचे केस अन् तुंबलेला पंप

फ्रंट लोड मशीन घुर्रर्र करते, पाणी मात्र ड्रममध्येच राहते अन् स्पिन सुरू होत नाही. अशा वेळी आधी पंपाचा फिल्टर पाहावा. एकटे केस सहसा निघून जातात. पण गोधडीचा कापूस अन् बोअरच्या जड पाण्यात न विरघळलेली पावडर त्यांच्यात मिसळली, की नमद्यासारखा घट्ट बोळा होतो.

प्लग काढा, पाणी थंड होऊ द्या. खालच्या कोपऱ्यातल्या झाकणासमोर परात ठेवून फिल्टर डावीकडे हळूहळू फिरवा, एकदम काढला तर घरभर पाणी. बोळा ओढून काढल्यावर आतला पंखा बोटाने फिरवून पाहा. तो अडखळत फिरतो, ते चुंबकामुळे, बिघाड नव्हे. पात्याच्या बुडाशी गुंडाळलेले केस चिमट्याने काढा.

खरा इलाज धुण्याआधीचा. ओला केस कापडाला चिकटतो, म्हणून गोधडी उन्हात कडक वाळवून अंगणात झटका, मग कोरडा रबरी हातमोजा एकाच दिशेने ओढा. केसांच्या वळ्या होऊन निघतात. ड्रम अर्धाच भरा, एक जास्तीचे खंगाळणे लावा. केसाळ कपड्यांच्या दर दोन-तीन धुण्यांनंतर फिल्टर उघडाच.