जीन एडिटिंगच्या सादरीकरणावर प्रश्न काढताना या चुका टाळा

बारावी सायन्सची मुलं दरवर्षी माझ्याकडे जीन एडिटिंगवर सादरीकरण करतात. स्लाइड्स देखण्या असतात. घोळ होतो तो शेवटच्या प्रश्नांत, आणि बहुतेक वेळा प्रश्न आम्हा शिक्षकांनीच काढलेले असतात.

सगळ्यात नडणारा प्रश्न म्हणजे, "जीन एडिटिंग योग्य की अयोग्य?" रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात परीक्षक म्हणून बसलो होतो, तिथे हाच प्रश्न टाकला गेला. एक मुलगा म्हणाला, "योग्य, सिकलसेल बरा होतो." दुसरा म्हणाला, "अयोग्य, चीनमध्ये बाळांवर प्रयोग केले." पाऊण तास वाद चालला. दोघांचंही खरं होतं, पण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. शेवटी मागच्या बाकावरची, घरी हापूसची बाग असलेली मुलगी म्हणाली, "सर, फांदी छाटली तर कोयीत काही बदलत नाही ना?" वाद तिथेच मिटला.

फांदी म्हणजे रुग्णाच्या शरीरातल्या पेशी. कोय म्हणजे गर्भ. हे दोन आधी वेगळे केले नाहीत, तर फायदा आणि धोका तोलता येतच नाही.

फांदीचं उदाहरण कॅसजेवी. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या या उपचाराला 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. रुग्णाच्याच रक्तातून मूळ पेशी काढतात आणि प्रयोगशाळेत BCL11A या जनुकाच्या एका नियंत्रक भागावर क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने काप घेतात. त्यामुळे जन्मानंतर बंद झालेलं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. चाचणीत ज्या 31 रुग्णांचा पुरेसा पाठपुरावा झाला, त्यांपैकी 29 जणांना सलग वर्षभर तरी तीव्र वेदनेचा झटका आला नाही. मुलं इथेच थांबतात. त्यांना पुढचं सांगावं लागतं: बदललेल्या पेशी परत सोडण्याआधी बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन जुना अस्थिमज्जा रिकामा करतात, आणि त्या औषधाने पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. क्रिस्परने चुकीच्या जागी काप घेतला असेल, तर त्याचा परिणाम उशिरा दिसू शकतो, म्हणून रुग्णांवर 15 वर्षं लक्ष ठेवायचं ठरलं आहे. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर.

म्हणून मी प्रश्न असा देतो: "चौदा वर्षांची मुलगी आहे, वर्षातून चारदा झटक्याने दवाखान्यात जाते. पुढे आई होण्याची शक्यता पणाला लावून हा उपचार घ्यायचा का, हे कोणी ठरवावं? ती, आई-वडील की डॉक्टर?" यावर एका ओळीत उत्तर देताच येत नाही.

कोयीचं उदाहरण 2018 चं. चीनमधले शास्त्रज्ञ हे जियानकुई यांनी CCR5 जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. एचआयव्ही पेशीत शिरायला जे प्रथिन वापरतो, ते या जनुकामुळे बनतं. पुढे त्यांना तीन वर्षांची कैद झाली. वडिलांना एचआयव्ही होता, आईला नव्हता. अशा जोडप्याच्या बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून शुक्राणू धुऊन वापरण्याची पद्धत आधीपासून होती. म्हणजे फायद्याचं पारडं मुळातच हलकं. धोक्याच्या पारड्यात मात्र बरंच काही: जो बदल झाला तो माणसांत निसर्गतः आढळणाऱ्या डीएनएची 32 अक्षरं गळालेल्या बदलासारखा नव्हता, सगळ्या पेशींत तो सारखा झाल्याची खात्री नव्हती, आणि तो त्या मुलींच्या मुलांपर्यंत जाऊ शकतो. इथे मी एकच विचारतो, "हा फायदा दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळाला असता का?" मुलांना हा प्रश्न आपणहून सुचत नाही, म्हणून मी तो पहिल्या स्लाइडआधीच फळ्यावर लिहून ठेवतो.

दुसरी चूक छोटी, पण माझ्या डोक्यात जाते. "दीर्घकालीन धोके सांगा" असं मोघम विचारलं की "भविष्यात दुष्परिणाम होऊ शकतात" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा: कोणाला, किती वर्षांनी, आणि ते कळणार कसं? "उपचारानंतर पंधराव्या वर्षी तुम्ही कोणती तपासणी कराल?" म्हटलं की मुलं पुस्तक उघडतात.

नेटवरून आकडा उचलायची घाई नको. CCR5 च्या दोन्ही प्रतींत ती 32 अक्षरं नसलेल्यांचा मृत्यूचा धोका 21 टक्के जास्त, असं 2019 मध्ये एका शोधनिबंधात छापून आलं. मोजणीतला दोष सापडला आणि त्याच वर्षी तो मागे घेतला गेला. तरी तो आकडा मला अजून स्लाइडवर दिसतो. आता मी आकडा वाचला की तिथेच थांबवून विचारतो, "हा शोधनिबंध अजून उभा आहे का?"

"सरकारने कडक कायदा करावा" हे उत्तर मी घेत नाही. भारतात आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मानवी गर्भाचं असं संपादन करून मूल जन्माला घालायला आधीच मनाई केली आहे. ती मनाई कुठल्या आजारासाठी शिथिल करावी, आणि त्याआधी कोणता पुरावा हातात हवा, हे विचारा. उत्तर लिहायला दहा मिनिटं द्या. लगेच वर येणारे हात बहुधा पाठांतराचे असतात.