अवेअरनेस कॅम्पेन थांबवून बजेट सर्चकडे वळवायचंय? क्लायंटला पत्र असं लिहा

अवेअरनेस कॅम्पेन चालत नाहीये हे एजन्सीला क्लायंटच्या आधी कळतं. पत्रात ते मांडताना मात्र दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे "या कॅम्पेनमधून लीड आल्या नाहीत" असं कारण दिलं जातं. पण लीड आणणं हे त्याचं काम कधी ठरलेलंच नव्हतं, आणि क्लायंटने जुना प्लॅन उघडून पाहिला की हा मुद्दा तिथेच पडतो. दुसरी चूक जास्त महागाची. उरलेलं सगळं बजेट सर्चमध्ये टाकायला सांगितलं जातं, पण तेवढा पैसा खपावा इतके शोधणारे लोक तिथे आहेत का, हे कुणी मोजलेलं नसतं.

पत्राची खरी मेहनत या दोन हिशेबांत आहे. ते नीट झाले की पत्र एका पानात बसतं. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यात घरांच्या छतावर सोलर पॅनल बसवणारी एक कंपनी आहे. यूट्यूबवरच्या अवेअरनेस कॅम्पेनसाठी तिने तीन महिन्यांना 9 लाख रुपये ठेवले होते. सहा आठवडे झाले, 4,50,000 खर्च झाले, तेवढेच उरलेत. शिवाय गूगल सर्चवर महिन्याला 60,000 रुपयांचं कॅम्पेन आधीपासून चालू आहे.

पहिली पायरी: अवेअरनेसला त्याच्याच मापाने मोजा

मंजूर झालेला प्लॅन काढा आणि त्यात काय कबूल केलं होतं ते शब्दशः उतरवून घ्या. आपल्या उदाहरणात तीन महिन्यांत 8 लाख लोकांपर्यंत पोचायचं आणि प्रत्येकाला जाहिरात साधारण 4 ते 5 वेळा दिसावी, असं ठरलं होतं. सहा आठवड्यांत जाहिरात 36 लाख वेळा दिसली, पण माणसं फक्त 3 लाख. म्हणजे प्रत्येकाला सरासरी 12 वेळा. ऑडियन्स निवडताना वय, आवड आणि मोजके पिनकोड अशा तीन चाळण्या एकावर एक लावल्या, फ्रीक्वेन्सीवर मर्यादा घातली नाही, आणि तीच माणसं पुन्हा पुन्हा सापडत राहिली.

आता व्हिडिओ बघा. रिपोर्टमध्ये `Video played to: 75%` हा कॉलम लावा. आपला व्हिडिओ 40 सेकंदांचा, त्याचे 75 टक्के म्हणजे 30 सेकंद. तिथपर्यंत फक्त 9 टक्के वेळा पाहिलं गेलं, आणि कंपनीचं नाव येतं 31व्या सेकंदाला. पाच सेकंदांनंतर "स्किप" दाबता येतं अशा ठिकाणी नाव अर्ध्या मिनिटानंतर सांगितलं, तर शंभरातल्या एक्क्याण्णव वेळा जाहिरात निनावीच राहिली.

तिसरा पुरावा ब्रँड सर्चचा. `Search Console` मध्ये कंपनीच्या नावाने झालेले शोध आठवड्यागणिक काढा. कॅम्पेनआधी आठवड्याला साधारण 420 होते, आता 430 आहेत. इथे सीझनची एक फसगत सांभाळा. उन्हाळ्यात वीजबिल वाढलं की सोलरचे सगळेच शोध वाढतात, म्हणून ब्रँडच्या आकड्याशेजारी "सोलर पॅनल किंमत" यासारख्या साध्या शोधांचा कलही ठेवा. साधे शोध वाढले आणि ब्रँडचे जागीच राहिले, तर नाव पोचलेलं नाही असं ठामपणे लिहिता येतं.

दुसरी पायरी: सर्चमध्ये किती पैसा मावतो ते काढा

सर्च मागणी तयार करत नाही. जी आहे ती उचलतं. त्यामुळे त्याला छत असतं. ते काढायला सर्च कॅम्पेनमधून आधी ब्रँड नावाचे कीवर्ड बाजूला करा, नाहीतर चित्र उगाच गोंडस दिसतं. मग तीन कॉलम बघा: इंप्रेशन शेअर, `Search lost IS (budget)` आणि `Search lost IS (rank)`. आपल्याकडे ते 40, 45 आणि 15 टक्के आहेत. वाढीव पैशाने फक्त मधले 45 टक्के मिळू शकतात. शेवटचे 15 जाहिरातीच्या दर्जामुळे किंवा कमी बोलीमुळे जातायत, ते नुसतं बजेट वाढवून परत येत नाहीत.

60,000 मध्ये 40 टक्के मिळतात, तर 45 टक्क्यांना साधारण 67,500 लागतील. त्यात नवे कीवर्ड मिळवा. हाउसिंग सोसायटीसाठी सोलर या विषयाचे महिन्याला 12,000 शोध आहेत, त्यांतल्या निम्म्यांत आपण दिसलो आणि 6 टक्के लोकांनी क्लिक केलं, तर 360 क्लिक होतात. 70 रुपये दराने सुमारे 25,000. दोन्ही मिळून 92,500, म्हणजे महिन्याला साधारण 90,000 जास्तीचे मावतात.

अवेअरनेसवर महिन्याला 3 लाख जात होते. ते सगळे इथे ओतले तर गूगल खर्च करेलही, पण ब्रॉड मॅचमधून सोलरमधल्या नोकऱ्या, कोर्स आणि पीएम सूर्यघर योजनेचं लॉगिन शोधणाऱ्यांवर. योजनेचं पोर्टल शोधणारा माणूस आपल्या जाहिरातीवर क्लिक करतो, चुकीच्या जागी आलो हे त्याला दोन सेकंदांत कळतं, आणि 70 रुपये गेलेले असतात.

लीडचा अंदाजही रेंजमध्येच द्या. सध्या 60,000 मध्ये 40 खऱ्या चौकश्या येतात, प्रत्येकी 1,500 रुपये. पुढच्या चौकश्या याच दराने येणार नाहीत, कारण सोप्या जागा आधीच घेतलेल्या असतात. 1,500 ते 2,200 धरा, म्हणजे 90,000 मध्ये 40 ते 60.

तिसरी पायरी: पत्र

पत्र ज्यांच्या नावाने जातं ते मार्केटिंग मॅनेजर ते तसंच मालकांना किंवा अकाउंट्सला पुढे पाठवतात. म्हणून पहिल्या परिच्छेदात मागणी, रक्कम आणि तारीख तिन्ही आल्या पाहिजेत. सगळे आकडे जीएसटी धरून की वगळून, हेही एकदा स्पष्ट लिहा. 18 टक्क्यांचा फरक महिनाअखेरीस भांडणाचं कारण होतो. क्लायंटशी पत्रव्यवहार इंग्रजीत असेल तरी मजकुराचा क्रम हाच ठेवा.

> विषय: यूट्यूब अवेअरनेस कॅम्पेन सोमवारपासून थांबवण्याबाबत
>
> आदरणीय मॅडम,
> सप्रेम नमस्कार.
>
> यूट्यूबवरचं अवेअरनेस कॅम्पेन येत्या सोमवारपासून थांबवावं आणि उरलेल्या 4,50,000 रुपयांपैकी जास्तीत जास्त 1,35,000 पुढच्या सहा आठवड्यांत गूगल सर्चवर खर्च करावेत, असा आमचा प्रस्ताव आहे. शुक्रवारपर्यंत आपली लेखी मंजुरी मिळावी. सर्व रकमा जीएसटी वगळून आहेत.
>
> कारण असं: ठरलेल्या 8 लाखांपैकी सहा आठवड्यांत 3 लाख लोकांपर्यंतच आपण पोचलो, आणि त्यांना जाहिरात सरासरी 12 वेळा दिसली. व्हिडिओत कंपनीचं नाव 31व्या सेकंदाला येतं. तिथपर्यंत 9 टक्के वेळाच पाहिलं गेलं. नावाने होणारे शोध आठवड्याला 420 होते, आता 430 आहेत. ऑडियन्स गरजेपेक्षा अरुंद ठेवणं आणि फ्रीक्वेन्सीला मर्यादा न घालणं ही आमची चूक होती.
>
> सर्चमध्ये बजेट अपुरं पडल्यामुळे 45 टक्के संधी सुटतात. महिन्याला 90,000 वाढवल्यास 40 ते 60 जास्तीच्या चौकश्या अपेक्षित आहेत. यापेक्षा जास्त रक्कम सर्चमध्ये सध्या उपयोगी पडणार नाही.
>
> 60,000 रुपयांत व्हिडिओ पुन्हा एडिट करून नाव पहिल्या पाच सेकंदांत आणता येईल. त्याला तीन आठवडे लागतील. उरलेले 2,55,000 आपल्याकडेच राहू द्यावेत. नवा व्हिडिओ आल्यावर छोट्या चाचणीचा स्वतंत्र प्रस्ताव देऊ.
>
> तोटा असा: या काळात नव्या लोकांपर्यंत नाव पोचणार नाही. पहिल्या 20 जास्तीच्या चौकश्यांनंतर दर 2,500 रुपयांच्या वर असेल, तर वाढ मागे घेऊ.
>
> आमची फी खर्चाच्या टक्केवारीवर असल्याने या बदलाने ती कमी होईल.
>
> आपला विश्वासू,

फीचं वाक्य गाळू नका. फी वाढणार असेल तर ते लिहिणं आणखीच गरजेचं, कारण ते क्लायंटच्या अकाउंट्स विभागाने शोधून काढलं तर बाकीच्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. चुकीची कबुली एका वाक्यात पुरे. आपली चूक असताना "अल्गोरिदम बदलला" असं लिहिलं, तर पुढच्या बैठकीत त्याचा पुरावा द्यावा लागतो.

"थांबवण्याऐवजी दुरुस्त का करत नाही?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर पत्रात आलंय: दुरुस्तीला तीन आठवडे लागतात, आणि तोवर निनावी व्हिडिओवर सव्वादोन लाख रुपये आणखी जातील.

चौथी पायरी: मंजुरीनंतर

कॅम्पेनला `Paused` करा, `Removed` नाही. काढून टाकलेलं कॅम्पेन गूगल ॲड्समध्ये पुन्हा चालू करता येत नाही. त्याआधी आगाऊ बुक केलेली जागा किंवा इन्फ्लुएन्सरचा करार आहे का ते पाहा, कारण त्यांच्या रद्द करण्याच्या अटी वेगळ्या असतात आणि पत्रातली "उरलेली" रक्कम त्यामुळे चुकू शकते.

सर्चचं रोजचं बजेट एकदम वाढवू नका. सध्याचं सुमारे 2,000 आहे. पहिल्या आठवड्यात 3,500 करा, शोधशब्दांचा रिपोर्ट बघून नोकरी, कोर्स, लॉगिन असे शब्द निगेटिव्हमध्ये टाका, मग 4,900 वर न्या. लोकेशनच्या सेटिंगमध्ये "तिथे राहणारे किंवा नेहमी येणारे" हाच पर्याय ठेवा, नाहीतर पुण्याबद्दल नुसतं कुतूहल असलेले परगावचे लोकही येतात. क्लायंटला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: गूगल एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, पण महिन्याचा हिशेब रोजच्या बजेटच्या 30.4 पटीच्या वर जात नाही. हे ठाऊक नसलं की 9,800 खर्च झालेल्या सकाळी फोन येतो.

मोजमाप ऑर्डरवर ठेवू नका. सोलरचा निर्णय घरात आठवडेच्या आठवडे चालतो, सहा आठवड्यांत ऑर्डर मोजल्या तर चांगलं कॅम्पेनही नापास होईल. किती चौकश्यांतून छताची पाहणी ठरली ते मोजा. त्यासाठी क्लायंटच्या माणसाने प्रत्येक फोनपुढे "पाहणी ठरली / नाही / चुकीचा फोन" एवढी नोंद ठेवली तरी पुरते, पण ती पहिल्या दिवसापासून हवी.

कधी कधी मालकांचं उत्तर येतं, "मग सगळेच पैसे सर्चमध्ये टाका." तेव्हा तोंडी हो म्हणू नका. तोच 92,500 चा हिशेब त्यांना पुन्हा पाठवा आणि लिहा, "90,000 च्या वरची रक्कम सुटलेल्या संधीचा ताजा आकडा बघून दोन आठवड्यांनी ठरवू. तोवर ती आपल्याच खात्यात असू द्यावी."