नोकरीच्या ड्रग टेस्टआधी: खसखस, सर्दीची औषधं आणि तो फोन

अमेरिकेत रेल्वे, विमान, ट्रक, पाइपलाइन अशा ठिकाणी सुरक्षिततेशी संबंधित काम मिळालं की रुजू होण्याआधी परिवहन खात्याच्या नियमांनुसार लघवीची तपासणी होते, आणि पुढे कधीही अचानक बोलावणं येतं. मी यात एकदा एका फोनमुळे अडकलो. म्हणून सगळ्यात आधी तेच सांगतो: नमुना दिल्यानंतरचे काही दिवस अनोळखी नंबरचे फोन उचला. स्पॅम वाटला तरी उचला. व्हॉइसमेल रोज ऐका. फॉर्मवर दिवसाचा आणि संध्याकाळचा असे दोन नंबर विचारतात, ते दोन्ही चालू असलेले द्या. आता बाकीचं.

ओळखपत्र, पत्ता, वेळ हे तुम्हाला कळतंच. तपासणी कशाची होते ते मात्र समजून जा. गांजा, कोकेन, अ‍ॅम्फेटामिन, अफूपासूनची आणि त्या जातीची औषधं, आणि पीसीपी नावाचं नशेचं द्रव्य, असे पाच गट. पहिल्या फेरीत प्रतिपिंडांची चाचणी होते. प्रतिपिंड रेणूच्या आकारावर चिकटतं, त्यामुळे ही फेरी म्हणजे गर्दीत पाठमोऱ्या माणसाला हाक मारण्यासारखी आहे. कधी भलताच मागे वळतो. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन असं अ‍ॅम्फेटामिनच्या जागी वळू शकतं. कोरड्या खोकल्यासाठीचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन पीसीपीच्या जागी. लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक्स काही किटमध्ये अफूच्या जागी. पण पहिल्या फेरीत अडकलेला नमुना दुसऱ्या फेरीला जातो. तिथे मास स्पेक्ट्रोमेट्रीने नेमका रेणू ओळखतात आणि हे तोतये गळून पडतात. तेव्हा साध्या सर्दीच्या गोळीसाठी रात्रभर जागू नका.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी नीट सांगत नाही. काही वेळा रेणू खरोखरच तो असतो, फक्त शरीरात येण्याची वाट निर्दोष असते. तिथे दुसरी फेरी तुम्हाला वाचवत नाही, उलट पक्कं करते. खसखस याच जातीची. अफूच्या बोंडाला चिरा देऊन चीक काढतात, त्याच बोंडात ही बी असते. मॉर्फिन म्हणजे अफूतला मुख्य नशेचा रेणू. बीमध्ये स्वतःचं मॉर्फिन नगण्य, पण चीक बाहेरून लागलेला असतो. किती लागला ते प्रत्येक पोत्यात वेगळं, म्हणून ‘इतकी खाल्ली तर चालेल’ असा हिशोब करता येत नाही. धुण्याने आणि भाजण्याने मॉर्फिन कमी होतं, संपत नाही. अनारशावर थापलेली खसखस थोडी असते आणि तळली जाते. डिंकाच्या लाडवात, वाटणात किंवा खसखशीच्या खिरीत ती बरीच जास्त जाते. अफूगटाची पहिल्या फेरीची मर्यादा १९९८ साली ३०० वरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली, ती मुख्यतः खसखशीमुळेच. तरीही २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकी संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळायला सांगितलं. तेव्हा बोलावणं येऊ शकतं अशा काळात दिवाळी असो वा बाळंतिणीचे लाडू असोत, खसखस सोडा. खाल्लीच असेल तर काय आणि कधी ते लिहून ठेवा. मॉर्फिन साधारण दोन दिवस दिसतं.

अफूगटातल्या कोडीनचं खोकल्याचं औषध हेही तसंच. माझं हेच झालं. पुण्याला गेलो असताना डॉक्टरांनी दिलेलं औषध घेत होतो आणि चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये होता. म्हणजे सगळं कायदेशीर होतं, पण ते विचारणाऱ्याचा फोन मी उचलला नाही.

हा विचारणारा म्हणजे मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर. तो डॉक्टर असतो. प्रयोगशाळेचा पॉझिटिव्ह अहवाल मालकाकडे जाण्याआधी त्याच्याकडे येतो आणि तो तुमच्याशी बोलतो. रेणू कुठल्या वाटेने आला हे मशीन सांगू शकत नाही. ते विचारणारा एवढा एकच माणूस या साखळीत आहे. त्याच्या कार्यालयातून २४ तासांत निदान तीन प्रयत्न होतात. तुम्ही सापडला नाहीत तर तो कंपनीच्या प्रतिनिधीला तुम्हाला निरोप द्यायला सांगतो. निरोप मिळाल्यावर ७२ तासांत फोन केला नाही तर तुमचं ऐकून न घेताच निकाल पॉझिटिव्ह लागू शकतो. परत सांगतो, फोन उचला.

फोनवर काय होतं ते एका कल्पित उदाहरणाने बघा. एकाने दिवाळीचे लाडू खाल्ले आणि मॉर्फिन ५००० नॅनोग्रॅम निघालं. हेरॉइनचाच असा एक रेणू असतो, ६-अ‍ॅसिटिलमॉर्फिन. तो खसखशीतून येत नाही, आणि नमुन्यात तो नव्हता. मॉर्फिन-कोडीन १५,००० च्या खाली असेल तर गैरवापराचा पुरावा दाखवण्याची जबाबदारी डॉक्टरवर असते. तसा पुरावा नाही, म्हणून निकाल निगेटिव्ह. पण हाच आकडा १५,००० च्या वर गेला तर जबाबदारी तुमच्यावर येते आणि ‘खसखस खाल्ली’ हे कारण चालत नाही. तिथे वैध औषधाची चिठ्ठीच लागते. भारतात कायदेशीर मिळालेलं औषध ठरलेल्या कारणासाठी घेतलं असेल तर तो ते ग्राह्य धरू शकतो, म्हणून चिठ्ठी, बिल आणि बाटलीच्या लेबलचा फोटो एका जागी ठेवा. खरं तेच सांगा. भांग किंवा सीबीडी तेल घेतलं असेल तर ते कारण म्हणून चालत नाही. तिकडच्या राज्यात कायदेशीर असलं तरी नाही.

नाक मोकळं करण्याचा इनहेलर अमेरिकेतल्या दुकानातून घेताना लेबल वाचा. काहींत लेव्हमेटॅम्फेटामिन असतं, मेथ या नशेच्या द्रव्याचंच आरशातलं रूप, आणि साधी मास स्पेक्ट्रोमेट्री दोन रूपांत फरक करत नाही. अशा वेळी रूपं वेगळी करणारी तपासणी फोन करणाऱ्या त्या डॉक्टरकडे मागा.

औषधांची यादी नमुना घेणाऱ्याला देऊ नका. ती त्याची बाब नाही. फॉर्मच्या तुमच्या स्वतःच्या प्रतीच्या मागे लिहून ठेवा, फोनवर बोलताना समोर असते.

केंद्रावर जाताना लिटरभर पाणी ढोसू नका. नमुना पातळ निघाला तर पुन्हा बोलावू शकतात. निदान ४५ मिलिलिटर लागतं, चार मिनिटांत तापमान बघतात, ३२ ते ३८ अंश. दोन बाटल्या तुमच्यासमोर सील होतात, सीलवर आद्याक्षरं तुम्हीच करा. लघवी झाली नाही तर तीन तास मिळतात, घाबरू नका.

निकाल चुकीचा वाटला तर दुसरी बाटली वेगळ्या प्रयोगशाळेत तपासून मागा, कळल्यापासून ७२ तासांत. खसखशीच्या बाबतीत ती उपयोगी नाही, तिथेही मॉर्फिनच निघेल.

खासगी कंपनीची साधी तपासणी असेल तर हे नियम लागू असतीलच असं नाही. काही ठिकाणी पहिल्या फेरीवरच निर्णय घेतात. दुसरी फेरी आहे का आणि डॉक्टर बघतो का, हे सही करण्याआधी विचारा. आणि फोन चार्ज ठेवा.